तीन फूट फिल्मची भूमिका : सत्यजित राय यांचे ‘पटोलबाबू’

‘पटोलबाबू फिल्मस्टार’ ही सत्यजित राय यांची बंगाली लघुकथा १९६३ साली ‘संदेश’ या मासिकात प्रसिद्ध झाली. कलकत्त्यातल्या एका बावन्न वर्षांच्या सामान्य माणसाला चित्रपटात अगदी किरकोळ काम मिळते. तो सकाळी ठरल्या वेळी भर रस्त्यावरच्या चित्रीकरणाला हजर होतो, गर्दीच्या कडेला ताटकळतो आणि शेवटी काही क्षणांसाठी कॅमेऱ्यासमोरून जातो. कथेत घडते ते एवढेच. तरीही चित्रपटातल्या ‘एक्स्ट्रा’ माणसाबद्दल भारतीय भाषांत जे काही लिहिले गेले, त्यात या कथेला वेगळे स्थान आहे. ती लिहिणारा लेखक स्वतः दिग्दर्शक होता. सेटवर कोण कशासाठी थांबते, कोणाला किती वेळ थांबवले जाते आणि त्या वेळात माणसाच्या मनाचे काय होते, हे त्याने जवळून पाहिले होते.

‘संदेश’ हे मुलांचे मासिक राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१३ मध्ये सुरू केले होते. मध्यंतरी ते बंद पडले. १९६१ मध्ये कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साथीने राय यांनी ते पुन्हा सुरू केले आणि मासिकाला मजकूर हवा म्हणून स्वतः गोष्टी लिहायला घेतल्या. तोवर ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपूर संसार’ हे तिन्ही चित्रपट होऊन गेले होते आणि दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव जगभर झाले होते. मुलांच्या मासिकासाठी लिहिताना मात्र त्यांनी नायक म्हणून निवडली ती बहुधा एकटी, मध्यमवयीन, कोणाच्या खिजगणतीत नसलेली माणसे. पटोलबाबू त्यांपैकीच एक.

पटोलबाबूंचे खरे नाव शीतलाकांत राय. बुटके, टक्कल पडलेले, पन्नाशी ओलांडलेले. तरुणपणी ते कांचरापाड्याच्या रेल्वे कारखान्यात नोकरीला होते आणि तिथल्या हौशी रंगभूमीवर त्यांचे चांगले नाव होते. नाटकाच्या हस्तपत्रिकेवर त्यांचे नाव ठळक अक्षरांत छापले जाई आणि त्यांना पाहायला म्हणून लोक तिकीट काढत. १९३४ मध्ये जास्त पगाराची नोकरी मिळाल्यामुळे ते कलकत्त्याला आले. इथेही नाटक मंडळी उभी करायचा विचार होता, पण युद्धाच्या काळात कंपनीने नोकरकपात केली आणि त्यांची नोकरी गेली. पुढे दुकान काढले, ते बुडाले. एका कचेरीत लागले, तिथल्या साहेबाचा जाच सोसवेना म्हणून ती सोडली. विम्याची एजन्सी करून पाहिली. या सगळ्यात नाटक कधी सुटले ते त्यांना कळलेही नाही. हा पूर्वेतिहास राय मोजक्याच ओळींत सांगतात, पण पुढच्या सगळ्या कथेचा पाया तोच आहे. सेटवर येणारा हा माणूस अभिनयाला नवखा नाही. त्याने अभिनय केला आहे आणि तो मनाविरुद्ध सोडून दिला आहे.

काम मिळण्याची रीतही खरीखुरी आहे. शेजारच्या निशिकांत घोषांचा मेहुणा चित्रपटाच्या धंद्यात असतो. त्याला एक माणूस हवा असतो : वय पन्नाशीच्या आसपास, ठेंगणा, टकला. निशिकांतबाबूंना पटोलबाबू आठवतात. मेहुणा नरेश दत्त येतो, पटोलबाबूंना आपादमस्तक न्याहाळतो, रूप जुळते म्हणून मान डोलावतो आणि कुठे, कधी यायचे ते सांगून जातो. अभिनय येतो का, हे तो विचारतही नाही. रस्त्यावरच्या गर्दीतले किंवा ओझरते दिसणारे काम असले की माणूस शरीरावरून निवडला जातो, ही चित्रपटाच्या धंद्यातली जुनी पद्धत आहे. मुंबईत ज्युनिअर आर्टिस्ट पुरवणारे लोकही अशीच मागणी घेतात : इतके म्हातारे, इतके कॉलेजातले वाटणारे, इतके सुटाबुटातले. माणसाच्या आत काय आहे, याचा या निवडीशी संबंध येत नाही. पटोलबाबूंना हे ठाऊक नसते. त्यांच्या मनात रात्रभर रंगमंच असतो. ही पहिली पायरी आहे, यापुढे आणखी कामे मिळतील, असे ते बायकोला सांगतात. बायको मात्र त्यांची जुनी स्वप्ने ओळखून असते.

रविवारी सकाळी साडेआठला ते मिशन रो आणि बेंटिंक स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, फॅरेडे हाऊससमोर हजर होतात. मध्य कलकत्त्यातला हा कचेऱ्यांचा भाग. चित्रीकरणासाठी रविवार निवडण्यामागे उघड व्यावहारिक कारण आहे : कचेऱ्या बंद, रस्त्यावर वर्दळ कमी, आणि इमारतीचा दर्शनी भाग मोकळा मिळतो. बघ्यांची गर्दी मात्र रविवारीच जास्त असते. कॅमेरा, तिपाई, तारा, दिवे, माणसे आणि गर्दीला मागे रेटणारे कर्मचारी, असा सगळा पसारा तिथे मांडलेला असतो. पटोलबाबूंना कोणी विशेष विचारत नाही. एका बाजूला थांबा, वेळ आली की बोलावू, एवढेच त्यांना सांगितले जाते.

चित्रीकरणात एवढी वाट का पाहावी लागते, हे बाहेरच्या माणसाला सहसा उमगत नाही. चित्रपट शॉटशॉटने बनतो आणि प्रत्येक शॉटसाठी कॅमेऱ्याची जागा, प्रकाश, माणसांच्या हालचाली हे सारे नव्याने मांडावे लागते. एका शॉटची तयारी तासभर चालते आणि प्रत्यक्ष शॉट काही सेकंदांत संपतो. तयारी नेमकी कधी पूर्ण होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून शॉटमध्ये लागणारा प्रत्येक माणूस आधीपासून हाताशी असावा लागतो. नायकाचा वेळ महाग असतो, त्यामुळे सगळे सिद्ध झाल्यावरच त्याला बोलावतात. एक्स्ट्राचा वेळ स्वस्त असतो, त्यामुळे त्याला सर्वांत आधी बोलावून सर्वांत शेवटपर्यंत ठेवतात. शिवाय एकदा तो एखाद्या शॉटमध्ये दिसला की तोच प्रसंग दुसऱ्या कोनातून घेताना त्याला त्याच कपड्यांत, त्याच जागी पुन्हा उभे राहावे लागते, नाहीतर पडद्यावर माणूस मध्येच गायब होतो. सेटवर सर्वांत जास्त वेळ देणारा आणि सर्वांत कमी दिसणारा माणूस तो असतो, याचे कारण या व्यवस्थेतच आहे.

राय यांना या व्यवस्थेचे बारकावे किती माहीत होते, हे त्यांनीच मुलांसाठी लिहिलेल्या ‘एकेइ बोले शूटिंग’ या पुस्तकातून कळते. ‘पथेर पांचाली’त मिठाईवाला चिनिबास येतो आणि अपू, दुर्गा आणि एक कुत्रा त्याच्या मागे मागे जातात. पैशांअभावी त्या चित्रपटाचे काम अधूनमधून अनेक महिने बंद पडत असे. त्या खंडाच्या काळात चिनिबासचे काम करणारे गृहस्थ वारले. राय यांनी साधारण त्याच शरीरयष्टीचा दुसरा माणूस शोधला आणि त्याला पाठमोरा दाखवला. पडद्यावर एक चिनिबास बांबूच्या बनातून बाहेर पडतो आणि दुसराच चिनिबास फाटकातून आत शिरतो, पण प्रेक्षकाला ते कळत नाही. पाठ जुळली म्हणून माणूस बदलून भागते, हा अनुभव ज्याने घेतला, त्याने पुढे अशाच बदलता येण्याजोग्या माणसाच्या बाजूने कथा लिहावी, याला महत्त्व आहे.

पटोलबाबू थांबलेले असतात तेव्हा त्यांना एकच काळजी असते : आपले संवाद काय? नाटकाच्या माणसाला ते साहजिकच वाटते. पाठांतराला वेळ मिळायला हवा. ते दिग्दर्शकाच्या माणसांकडे पुन्हा पुन्हा विचारणा करतात. अखेर एक पोरसवदा साहाय्यक कागदावर काहीतरी लिहून त्यांच्या हातात देतो. कागदावर एकच अक्षर असते : ‘आः’.

प्रसंग असा. नायक चंचलकुमार एका कंपनीतला तरुण अधिकारी आहे. कचेरीत पैशांची अफरातफर झाल्याचे कळल्यामुळे तो गाडीतून उतरून धावतपळत इमारतीत शिरतो आहे. वाटेत एका बेसावध पादचाऱ्याला तो धडकतो. पादचारी कळवळून ‘आः’ म्हणतो, नायक तिकडे लक्ष न देता आत निघून जातो. नायक किती गडबडीत आहे, हे प्रेक्षकाला कळावे म्हणून पादचारी आहे. त्या माणसाचे स्वतःचे कथेत काहीच नाही.

पटोलबाबूंना हा अपमान वाटतो. आपली थट्टा झाली असे वाटते. रविवारची सकाळ, रात्रीची झोप, बायकोला सांगितलेल्या गोष्टी, आणि त्या सगळ्याचा शेवट हा! ते गर्दीपासून दूर जाऊन उभे राहतात. इथवर कथा कुठेही जाऊ शकते. दुसऱ्या एखाद्या लेखकाने इथून मोठ्या लोकांच्या उर्मटपणाची आणि लहान माणसाच्या हतबलतेची गोष्ट लिहिली असती, आणि ती खोटीही ठरली नसती. राय वेगळ्या वाटेने जातात. ते पटोलबाबूंना त्यांचे गुरू आठवायला लावतात.

गगन पाकडाशी हे पटोलबाबूंचे नाट्यगुरू. उत्तम नट आणि तरीही गर्वाचा लवलेश नसलेले. त्यांची शिकवण दोन भागांत आहे. पहिला भाग असा की कोणतीही भूमिका लहान म्हणून तिला कमी लेखू नये, नटाने तिच्यातला अखेरचा थेंब पिळून काढावा, कारण नाटक सगळ्यांच्या एकत्र कामातून उभे राहते. ही शिकवण रंगभूमीवर सर्वत्र ऐकू येते, मराठी नाटकवाल्यांनाही ती परकी नाही. दुसरा भाग मात्र जास्त मोलाचा आहे. संवादातला प्रत्येक शब्द हे झाडावर उंच लागलेले फळ असते. खाली बसलेल्या प्रेक्षकाचा हात तिथे पोचत नाही. ते तोडून, त्यातला रस काढून प्रेक्षकाच्या हाती देणे हे नटाचे काम. पहिल्या भागातून फक्त सांत्वन मिळते. दुसऱ्या भागातून काम कसे करायचे ते कळते, आणि पटोलबाबू त्याचाच हात धरतात.

मग ते त्या एका अक्षराकडे पुन्हा पाहतात आणि ते मोठ्याने म्हणून पाहू लागतात. चिमटा बसल्यावर निघणारे ‘आः’ वेगळे. उन्हातून आल्यावर गार सरबताचा घोट घेतल्यावरचे वेगळे. दुःखाचे, कंटाळ्याचे, तिरस्काराचे, आश्चर्याचे, प्रत्येकाचे वेगळे. आखूड आणि लांब, हळू आणि मोठ्याने, खालच्या पट्टीत सुरू होऊन वर चढणारे आणि वरून खाली येणारे. शब्दाला अर्थ कोशातून येत नाही, तो आवाजाच्या चढउतारातून आणि प्रसंगातून येतो, हे ज्ञान अभिनयाच्या कोणत्याही शाळेत पहिल्या वर्षी देतात. राय ते एका निवृत्त हौशी नटाला रस्त्याच्या कडेला, स्वतःहून, पुन्हा सापडू देतात. मुलांसाठी लिहिलेल्या कथेत अभिनयाच्या तंत्राचा एवढा नेमका धडा दुसरीकडे सहज सापडणार नाही.

पुढची पायरी तालमीची. ते शेजारच्या शांत गल्लीत जातात. तिथल्या एका मोठ्या काचेच्या तावदानात स्वतःला पूर्ण पाहता येते. धडक बसल्यावर शरीर किती झुकेल, हात किती आणि कसे उडतील, चेहऱ्यावर वेदना आणि चकित होणे कसे उमटेल, हे ते पुन्हा पुन्हा करून पाहतात. वाट पाहण्याचा जो वेळ आधी त्यांना छळत होता, तोच आता कामाचा वेळ होतो. सेटवर कोणालाच ठाऊक नसते की दिवसाच्या सर्वांत लहान भूमिकेची सर्वांत लांब तालीम गल्लीत चालू आहे.

अखेर बोलावणे येते. पटोलबाबू एक तालीम घेऊया म्हणतात. त्यांची विनंती मानली जात नाही, कारण ढग सूर्याकडे सरकत असतो आणि शॉट उन्हातच हवा असतो. हा तपशील कथेत वरवरचा वाटेल, पण उघड्यावर काम करणाऱ्या प्रत्येक चित्रपटवाल्याला तो चटका लावील. आधीचा शॉट उन्हात घेतला असेल आणि पुढचा सावलीत आला, तर दोन्ही एकमेकांना जोडता येत नाहीत. सकाळपासून कासवगतीने चाललेले काम एका ढगामुळे अचानक धावू लागते आणि तासन् तास थांबलेल्या माणसाला सावरायलाही वेळ मिळत नाही.

तेवढ्यात दिग्दर्शक बरेन मल्लिक यांना वाटते की या पादचाऱ्याला मिशी हवी. मिशी चिकटवली जाते. आणि मग पटोलबाबू एक सूचना करतात : रस्त्याने चालताना हातात वर्तमानपत्र असले तर? माणूस वाचत चालला असेल तर त्याचे बेसावध असणे पटते. दिग्दर्शकाला सूचना आवडते, बघ्यांतल्या एकाच्या हातातले वर्तमानपत्र मागून घेतले जाते. कथेचा हा खरा कळीचा क्षण आहे. धडक का होते, याचे कारण मूळ पटकथेत फक्त नायकाच्या बाजूने होते : तो घाईत आहे. पटोलबाबू दुसऱ्या बाजूचे कारण देतात, आणि त्या क्षणापासून पादचारी हा नुसता अडथळा राहत नाही. तो स्वतःच्या विचारात, स्वतःच्या बातमीत गढलेला माणूस होतो. एक्स्ट्राचा नट होतो तो इथे.

शॉट सुरू होतो. आरोळी ऐकून पटोलबाबू वर्तमानपत्रात डोळे खुपसून चालू लागतात, मनात पावलांचा आणि वेळेचा हिशोब चालू असतो. धडक ठरल्यापेक्षा जोरात होते. नायकाचे डोके त्यांच्या कपाळावर आदळते आणि वेदनेने क्षणभर भान जाते. तरीही ते मन एकवटतात आणि वेदना, आश्चर्य आणि चीड यांचे मनाशी मापून ठेवलेले मिश्रण त्या एका उच्चारात ओततात. मग वर्तमानपत्र सावरून पुढे चालू लागतात. शॉट मान्य होतो. नायक कपाळ चोळत त्यांच्या वेळेच्या अचूकपणाला दाद देतो. खरी वेदना झाली असताना खोटी वेदना योग्य मापात दाखवणे किती अवघड, हे इथे नुसते सांगितलेले नाही, करून दाखवले आहे. वेदनेने आपोआप निघालेला आवाज हा अभिनय नव्हे. वेदना बाजूला ठेवून ठरवलेला आवाज काढणे हा अभिनय.

या सगळ्याचे पडद्यावर माप किती, हेही पाहण्यासारखे आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात आणि बोलपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने धावतो, म्हणजे सेकंदाला दीड फूट फिल्म. धडक आणि उच्चार मिळून दोन सेकंद धरले, तर पटोलबाबूंचे सगळे काम तीन फूट फिल्ममध्ये, ४८ चौकटींत मावते. संकलनाच्या टेबलावर तेवढा तुकडा कापला तर चित्रपटाला काही होणार नाही. राय हे जाणून आहेत, आणि म्हणून त्यांनी तो चित्रपट कथेत कधी प्रदर्शितच होऊ दिलेला नाही. पटोलबाबू पडद्यावर दिसले की नाही, हे वाचकाला कळत नाही.

शॉटनंतर नरेश दत्त त्यांना थोडे थांबायला सांगतो. पैसे आणून द्यायचे असतात. पटोलबाबू पानाच्या दुकानापाशी उभे राहून विचार करतात. आजच्या कामात जो आनंद मिळाला, त्यापुढे पाच, दहा किंवा वीस रुपये काय? आणि या माणसांना त्या एका उच्चारामागचे कष्ट कळले असतील का? ते माणूस आणतात, काम करून घेतात, पैसे देतात आणि विसरतात. नरेश दत्त पैसे घेऊन येतो तेव्हा पटोलबाबू तिथे नसतात. मानधन न घेताच ते निघून गेलेले असतात.

हा शेवट वर्गात शिकवताना बहुधा कलेच्या निःस्वार्थ आनंदाचा दाखला म्हणून सांगितला जातो. राय यांनी स्वतः केलेला इंग्रजी अनुवाद केंद्रीय शिक्षण मंडळाच्या दहावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात होता, त्यामुळे मराठी घरांतल्या अनेक मुलांनीही तो असाच वाचला. हे वाचन अपुरे आहे. पटोलबाबूंना पैशांची गरज आहे, हे कथेने आधीच स्पष्ट केले आहे. ते पैसे नाकारतात याचे एक कारण आनंद आहे, आणि दुसरे कारण ते पैसे घेतले तर आपण पुन्हा शरीरावरून निवडलेला, रोजावर आणलेला माणूस ठरू, ही भावना. मोबदला घेतला की त्या सकाळची किंमत दुसऱ्याने ठरवलेली असेल. न घेतल्यास ती ठरवणारे तेच. हा स्वाभिमान आहे आणि तो महागात पडणारा आहे.

इथे कथेची मर्यादाही दिसते. पटोलबाबू एका दिवसासाठी सेटवर आले आहेत. रोज सकाळी उठून स्टुडिओच्या दारात उभे राहणाऱ्या ज्युनिअर आर्टिस्टला असे निघून जाता येत नाही. त्याच्यासाठी ती मजुरी आहे, तिच्यावर घर चालते. तिच्या दरासाठी, वेळेसाठी आणि सेटवरच्या जेवणासाठी त्याला संघटना लागते. त्याने पैसे सोडले तर तो स्वाभिमान न राहता स्वतःची फसवणूक ठरेल. राय यांनी धंदेवाईक एक्स्ट्राची कथा लिहिलेली नाही. एरवी नट असलेला माणूस एक दिवस एक्स्ट्राच्या जागी उभा राहिला तर काय होते, याची कथा त्यांनी लिहिली आहे. हा फरक लक्षात ठेवला नाही, तर वाट पाहणाऱ्या हजारो माणसांना कमी मोबदल्यावर समाधान मानायला सांगण्यासाठी ही कथा वापरली जाईल.

हाच प्रश्न दिबाकर बॅनर्जी यांनी पन्नास वर्षांनी उचलला. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त ३ मे २०१३ रोजी ‘बॉम्बे टॉकीज’ हा चार लघुपटांचा संच प्रदर्शित झाला. त्यातला ‘स्टार’ हा बॅनर्जी यांचा लघुपट ‘पटोलबाबू’वर आधारलेला आहे, पण त्यांनी कथा कलकत्त्यातून उचलून मुंबईत, एका मराठी माणसाच्या घरात आणली. नवाजुद्दीन सिद्दीकी यांनी केलेला पुरंदर हा फसलेला नट आहे. तो चाळीत राहतो, हाताला काम नाही, घरात आजारी मुलगी आहे आणि एका फसलेल्या धंद्यातून उरलेला एक एमू पक्षी. गगन पाकडाशींच्या जागी इथे सदाशिव अमरापूरकर आहेत. मृत गुरू जिवंत होऊन समोर उभा राहतो आणि पुरंदरला त्याच्या अर्धवट सोडून देण्याच्या सवयीबद्दल फैलावर घेतो. राय यांच्या गुरूची आठवण मायेची आहे, बॅनर्जींचा गुरू झोंबणारा आहे. अमरापूरकरांचा आवाज आणि त्यांनी स्वतः केलेली मराठी रंगभूमी या भूमिकेच्या मागे उभी असल्यामुळे तो प्रसंग मराठी प्रेक्षकाला अधिकच खरा वाटतो.

बॅनर्जींनी केलेला सर्वांत मोठा बदल शेवटात आहे. पटोलबाबूंप्रमाणे पुरंदरही पैसे न घेता निघतो, पण तो एकटा राहत नाही. तो घराकडे धावत सुटतो आणि दिवसभर काय घडले ते आजारी मुलीला हातवारे करून, चेहऱ्याने, सगळ्या शरीराने करून दाखवतो. मुलीला रोज नवी गोष्ट हवी असते आणि त्याच्याकडच्या गोष्टी संपलेल्या असतात. आता त्याच्याकडे स्वतःची गोष्ट आहे. पटोलबाबूंच्या कामाची किंमत ओळखणारा कोणी नव्हता, पुरंदरला एक प्रेक्षक मिळतो. त्यामुळे पैसे सोडून जाण्याचा प्रश्न थोडा सौम्य होतो, सुटत मात्र नाही, कारण औषधाचे पैसे कुठून येणार हे चित्रपट सांगत नाही. शेवटाच्या बाबतीत राय यांची कथा जास्त कठोर आणि म्हणून जास्त प्रामाणिक आहे. पुरंदरच्या घराचे आणि गरजेचे चित्र मात्र बॅनर्जींनी अधिक खोल रंगवले आहे.

राय यांनीही या विषयाची दुसरी बाजू पुढे हाताळली. १९६६ च्या ‘नायक’मध्ये उत्तमकुमार यांनी साकारलेल्या अरिंदमला रंगभूमीवरचा एक गुरू असतो, शंकरदा. चित्रपटात जाऊ नकोस, तिथे नट कठपुतळी होतो, असे तो सांगतो. अरिंदम जातो आणि सर्वांत वरच्या जागी पोचतो. पटोलबाबूंना त्यांच्या गुरूची आठवण आधार देते, तर अरिंदमला त्याच्या गुरूची आठवण टोचत राहते. एक्स्ट्रा आणि नायक, अशा चित्रपटाच्या दोन टोकांवरच्या माणसांना राय यांनी एकच प्रश्न विचारला : कॅमेऱ्यासमोर तू स्वतःचे काय आणलेस? पटोलबाबूंकडे त्याचे उत्तर आहे. अरिंदमला ते शोधत रात्रभर आगगाडीत जागावे लागते.

ही कथा पुढे राय यांच्या ‘एक डजन गप्पो’ या बंगाली संग्रहात आली आणि इंग्रजी अनुवादातही सहज मिळते. ज्यांना कथा आणि ‘स्टार’ दोन्ही अनुभवायचे असतील त्यांनी कथा आधी वाचावी. लघुपट आधी पाहिला, तर नवाजुद्दीनचा चेहरा आणि अमरापूरकरांचा आवाज मनात बसतो, आणि गल्लीतल्या काचेसमोर उभ्या असलेल्या त्या बुटक्या, टकल्या गृहस्थांना स्वतःच्या कल्पनेने पाहण्याची संधी जाते.